खिडकीशेजारचा वाचनकोपरा: खुर्ची दोनदा आणि टेबल तीनदा निवडावं लागलं, त्या प्रकरणाची पूर्ण नोंद

मी घरांच्या आतल्या मांडणीची कामं करते. हे प्रकरण एका ताईंच्या घरातलं आहे, नाव-गाव देत नाही पण मापं सगळी खरी आहेत, कारण या प्रकरणात सगळं मापांवरच फिरलं.

पार्श्वभूमी

ताई साठीच्या आसपासच्या, उंची पाच फूट, रोज दुपारी आणि रात्री वाचणाऱ्या, आणि हातात बहुतेक वेळा जाडजूड पुस्तक. बैठकीच्या खोलीत पश्चिमेकडे एक मोठी खिडकी, तिच्या उजव्या बाजूला पुस्तकांचं कपाट आणि मधे रिकामा कोपरा. खिडकीच्या भिंतीपासून कपाटापर्यंत ६२ इंच जागा, आणि दुसऱ्या दिशेने मागच्या भिंतीपासून येण्याजाण्याच्या वाटेपर्यंत ४८ इंच. म्हणजे छोटा पण पुरेसा कोपरा.

मुलाने आईला वाढदिवसाला खुर्ची आणि टेबल आणून दिलं होतं. खोलीतलं बाकी फर्निचर फिक्या लाकडाचं आणि राखाडी, त्यामुळे एकच वस्तू उठून दिसावी म्हणून त्याने गडद निळी, गोलाकार, रुंद अशी अॅक्सेंट चेअर घेतली, सोबत काचेचं बुटकं टेबल. फोटोत जोडी सुंदर दिसत होती आणि घरी आल्यावरही सुंदरच दिसली, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्याची निवड वाईट नव्हती, बघायला बसवलेली वस्तू म्हणून ती बरोबरच होती.

आठ महिन्यांनी त्याने मला बोलावलं. म्हणाला, "आई तिथे बसतच नाही, पुन्हा पलंगावर आडवी होऊन वाचते, आणि विचारलं की छान आहे म्हणते."

अडचण काय होती

मी ताईंना म्हटलं तुम्ही नेहमीसारखं पुस्तक घेऊन बसा, मी काही बोलणार नाही. वीस मिनिटं नुसतं बघत बसले. पहिल्या पाच मिनिटांत त्या पाठीला टेकून बसल्या तेव्हा पाय जमिनीपासून सुटले, मग पाय टेकवायला पुढे सरकल्या तर पाठ सुटली, मग मागे एक उशी घेतली, मग डावा पाय वर घेतला, पुस्तक आधी मांडीवर होतं ते हातात धरलं, दहाव्या मिनिटाला खांदे वर उचलले गेले आणि मान पुढे आली. पंधराव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. कप ठेवायला प्रत्येक वेळी कमरेतून वाकून खाली बघावं लागत होतं.

मग मापं घेतली. खुर्चीची बैठक जमिनीपासून साडेसतरा इंच उंच आणि २३ इंच खोल. ताईंच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं अंतर १५ इंच, आणि कमरेच्या मागच्या टोकापासून त्या खळगीपर्यंत साडेसतरा इंच. हे दुसरं माप फार कमी लोक घेतात आणि वाचनाच्या खुर्चीत तेच सगळ्यात महत्त्वाचं. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, नाहीतर कड पोटरीला दाबते, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस आपोआप पुढे घसरतो. ताईंना त्यामुळे साधारण १६ इंच खोली हवी होती आणि मिळत होती २३, म्हणजे तब्बल सात इंचांचा फरक.

दुसरी गोष्ट आर्मरेस्टची. पुस्तकाचं वजन शेवटी कोपरावर येतं. कोपर टेकलं नाही तर ते वजन खांदा आणि मान उचलतात, आणि अर्ध्या तासात जाणवतं. या खुर्चीचे हात बैठकीपासून जेमतेम साडेपाच इंच वर आणि बाहेरच्या बाजूला गोल वळलेले, ताईंचं कोपर बसल्यावर बैठकीपासून साडेआठ इंचांवर येत होतं, म्हणजे कोपर हवेतच. पाठही बैठकीपासून १२ इंचांवर संपत होती, डोकं टेकायचा प्रश्नच नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. खुर्ची थेट खिडकीकडे तोंड करून ठेवली होती, बाहेर बघता यावं म्हणून. पण तसं बसलं की पुस्तकाच्या मागे झगझगीत उजेड आणि वाचायचं पान मात्र त्यामानाने अंधारात, डोळे सारखे दोन्हींत जुळवून घेत राहतात. शिवाय पश्चिमेचं ऊन दुपारनंतर खाली उतरलं की बुटक्या काचेच्या टेबलावरून परतून थेट डोळ्यांत. कपाळ चोळणं त्यातलं होतं.

आणि जाता जाता एक दिसलं. पाठीशी ठेवलेली उशी मी उचलली तर तिच्याखालचा निळा रंग बाकीच्यापेक्षा ठळकपणे गडद होता, उशीचा अगदी चौकोन उमटलेला. आठ महिन्यांत कापड विटलं होतं. खिडकी बंद असते म्हणून कापड सुरक्षित असं लोकांना वाटतं, पण साधी काच अतिनील किरणांतला काहीच भाग अडवते, बराचसा आत येतो, आणि नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग विटतात.

पहिला निर्णय: आहे त्याच खुर्चीत भागवायचं का

ताईंना खुर्ची बदलायची नव्हती. "अगं, पोराने हौसेने आणलीये, उशी घेते ना मी," असं त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणून आधी तोच पर्याय नीट तपासला. मागे घट्ट उशी आणि पायाखाली चौरंगासारखी बैठी फूटस्टूल घेतली तर खोली कमी होते आणि पाय टेकतात. करून बघितलं. खोली जमली, पण सात इंच भरायला लागणाऱ्या उशीने ताई इतक्या पुढे आल्या की आर्मरेस्टचा जो थोडा उंच भाग होता तो कोपराच्या मागे गेला आणि पुढचा उतरता भाग हाताखाली आला. डोक्याचं तर काहीच सुटलं नाही. खोली उशीने कमी करता येते, उंची फूटस्टूलने सांभाळता येते, पण आर्मरेस्ट आणि पाठीची उंची नंतर बदलता येत नाही. त्यामुळे ही खुर्ची इथे चालणार नाही यावर आम्ही आलो. मुलाला मी ताईंसमोरच सांगितलं, कारण त्याला कळल्याशिवाय ताई हो म्हणणार नव्हत्या. तो लगेच म्हणाला, "आई, खुर्ची जपण्यापेक्षा तू बस ना नीट," आणि तिथे तो विषय मिटला.

दुसरा निर्णय: खुर्चीचं तोंड कुठे

नवी खुर्ची बघायच्या आधी दिशा ठरवली. तीन दिशा प्रत्यक्ष बसून बघितल्या, जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची ठेवून, दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. खिडकीकडे तोंड हे बाद झालंच होतं. खिडकीकडे पाठ केली तर पानावर स्वतःच्या डोक्याची सावली पडते आणि ऊन मानेवर येतं. खिडकी डाव्या हाताला ठेवून खुर्ची थोडी तिरकी, खोलीच्या मध्याकडे वळवलेली, असं बसलं की उजेड डाव्या खांद्यावरून पानावर येतो आणि डोकं वळवलं की बाहेरही दिसतं. ताई उजव्या हाताने लिहितात आणि वाचताना पेन्सिलने खुणा करतात, त्यामुळे उजेड डावीकडून असला की लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर येत नाही. डावखुऱ्या माणसासाठी हेच उलट करावं लागेल.

दिशा ठरल्याबरोबर टेबलाची बाजूही ठरली: उजवीकडे, खुर्ची आणि कपाटाच्या मधे.

मग जमिनीवर मास्किंग टेप लावली. इथे एक लक्षात ठेवायचं की तिरकी ठेवलेली खुर्ची तिच्या रुंदीपेक्षा जास्त जागा घेते. २८ इंच रुंद खुर्ची तिरकी केली की ३४ इंचांच्या आसपास जागा अडवते. त्यात १६ इंचांचं टेबल आणि मधे दोन इंच धरले तर ५२, म्हणजे ६२ मधले दहा इंच उरतात आणि कपाटातलं पुस्तक काढायला हात जातो. जुनी ३२ इंचांची गोल खुर्ची तिरकी केली असती तर टेबल ठेवून कपाटाचं दारही उघडलं नसतं. म्हणून नव्या खुर्चीला २८ इंच ही कमाल रुंदी ठरली.

तिसरा निर्णय: कोणती खुर्ची

आता यादी छोटी होती. बैठक दाबल्यावर साडेपंधरा इंच, कारण घरात ताई चप्पल घालतात आणि तिचा अर्धा इंच मिळतो. आर्मरेस्ट दाबलेल्या बैठकीपासून साडेआठ इंच. पाठ डोकं टेकेल इतकी उंच. रुंदी २८ च्या आत. दुकानात लिहिलेली बैठकीची उंची न बसता मोजलेली असते आणि बसल्यावर ती इंचभर तरी खाली जाते, म्हणून ताई बसल्यावर मी शेजारी टेप धरून मोजत होते.

तीन खुर्च्या शेवटपर्यंत राहिल्या. एक लाकडी हातांची, हलकी, पाठ मागे कललेली, दिसायला अतिशय सुबक. तिचे हात योग्य उंचीवर पण लाकडाची उघडी पट्टी दोन इंच रुंद, दहा मिनिटांत कोपराचं हाड दुखायला लागलं. दुसरी फिरणारी, गुबगुबीत. फिरणारी खुर्ची खिडकीपाशी फार सोयीची, हवं तेव्हा बाहेर वळता येतं, आणि मला स्वतःला तीच आवडली होती. पण तिची पाठ खांद्यापर्यंतच होती. तिसरी उंच पाठीची, दोन्ही बाजूंना डोक्यापाशी थोडे पंख असलेली, बैठक १९ इंच खोल, हात गादीचे आणि वरून सपाट.

ताईंना मी प्रत्येक खुर्चीत अर्धा अर्धा तास बसवलं, त्यांचंच जाड पुस्तक हातात देऊन. दोन मिनिटं बसून कोणतीही मऊ खुर्ची छान वाटते, वाचनाच्या खुर्चीची परीक्षा वीस मिनिटांनंतर सुरू होते. तिसऱ्या खुर्चीत पंचवीस मिनिटांनी मी बघितलं तर ताईंनी दोन्ही कोपरं टेकवली होती, डोकं डाव्या पंखाला लागलं होतं आणि पान उलटायला फक्त मनगट हलत होतं. खोली तीन इंच जास्त होती, ती कमरेमागे एक पातळ घट्ट उशी देऊन भरली, आणि ती उशी घसरू नये म्हणून पाठीला बंदांनी बांधून घेतली.

तिचा तोटा खरा होता. पाठ जमिनीपासून ४१ इंच, त्यामुळे खोलीत शिरताना खिडकीचा एक कोपरा झाकलेला दिसतो. मुलाला हे खटकलं आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्या खिडकीमुळेच खोली मोठी वाटायची. आम्ही टेपची खूण सहा इंच कपाटाकडे सरकवून बघितली, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. इथे बसणाऱ्या माणसाच्या बाजूने निर्णय घेतला.

कापड

रंग मुलाला ठळक हवा होता आणि मलाही, नाहीतर राखाडी खोलीत ही खुर्ची हरवली असती. पण पश्चिमेच्या खिडकीशेजारी कापड आधी आणि रंग नंतर. चामडं उन्हात कोरडं पडून तडकतं म्हणून बाद. मखमलीवर टेकण्याच्या जागी लव दबून डाग दिसतात. कापडवाल्याला विचारायचा प्रश्न एकच: उजेडात रंग टिकण्याचा अंक किती. हा अंक ब्लू वूल नावाच्या मापावर १ ते ८ मधे देतात, आणि खिडकीपाशी मी ५ च्या खाली जात नाही.

दोन नमुने पसंत पडले, एक विटकरी लिनन मिश्र आणि एक दोन धाग्यांचं, गेरू आणि राखाडी मिसळलेलं पॉलिएस्टर, ज्याचा धागा तयार होतानाच त्यात रंग मिसळलेला असतो. दोन्हींचे तुकडे घेतले, अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवला आणि त्याच खिडकीच्या काचेला चार आठवडे लावून ठेवले. पुठ्ठा काढला तेव्हा लिननच्या तुकड्यावर मधोमध सरळ रेघ दिसली, एका बाजूला विटकरी आणि दुसऱ्या बाजूला फिकट. दुसऱ्या तुकड्यावर रेघ शोधून सापडली नाही. मुलाने स्वतः खिडकीत धरून बघितलं आणि गेरूचं कापड नक्की केलं.

टेबल, आणि इथे माझी चूक झाली

टेबलाची उंची खुर्चीच्या हातावरून ठरते. टेबल हाताच्या बरोबरीने किंवा इंच-दोन इंच खाली असलं की कप न बघता ठेवता येतो. त्याहून खाली गेलं की खांदा वाकतो आणि वर गेलं की कोपर कडेला आपटतं. आमच्या खुर्चीचा हात जमिनीपासून २४ इंच, म्हणून २२ ते २३ इंचांचं टेबल हवं होतं. जुनं काचेचं टेबल १७ इंच होतं, जुन्या खुर्चीच्या हातापेक्षाही सहा इंच खाली, म्हणून ताई कमरेतून वाकत होत्या.

मी साडेबावीस इंच उंच, १६ इंच गोल, लाकडाचं, तीन तिरक्या पायांचं टेबल घेतलं. वरचा भाग वर्तमानपत्राचा गोल कापून जमिनीवर ठेवून बघितला होता, जागा बरोबर होती. पण मी फक्त वरचा गोल कापला होता. खाली त्याचे पाय वरच्या फळीच्या बाहेर फाकत होते, आणि खुर्चीचे मागचे पायही बाहेर फाकलेले, ते दोन्ही एकमेकांना अडले आणि टेबल खुर्चीपासून पाच इंच लांब उभं राहिलं. कागदावर दोन इंच धरलेले, प्रत्यक्षात पाच. पाच इंच ऐकायला काही नाही, पण ताईंना प्रत्येक वेळी कोपर उचलून हात पुढे लांब करावा लागत होता आणि दोनदा पेन्सिल मधल्या फटीत पडली. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं टेबल चांगलंय पण ते माझं वाटत नाही, शेजाऱ्याचं वाटतं."

पर्याय दोन होते. एक सी आकाराचं टेबल, ज्याचा पाय खुर्चीखाली सरकतो. त्याला खुर्चीच्या तळाशी मोकळी जागा लागते आणि ती होती, पण असं टेबल मोकळ्या कडेवर वजन पडलं की कलतं, आणि ताई उठताना टेबलावर हात टेकतात हे मी बघितलं होतं. म्हणून दुसरा घेतला: मधे एकच खांब, खाली १२ इंचांची जड सपाट तबकडी, वर १६ इंचांची लाकडी फळी. तबकडी फळीपेक्षा लहान असल्याने खुर्चीच्या पायाला न अडता फळी हाताच्या अगदी जवळ येते, आणि तबकडी जड असल्याने हात टेकला तरी डगमगत नाही. फळीला मॅट पॉलिश, चकचकीत नाही, कारण काचेसारखीच तीही ऊन परतवते. १६ इंचांत एक कप, चष्मा आणि एक मिटलेलं पुस्तक बसतं. दिवा टेबलावर ठेवायचा मोह होतो पण तो ठेवला की जागाच उरत नाही, म्हणून दिवा उभा, खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे, दिवसाचा उजेड जिथून येतो त्याच बाजूने.

काय झालं

सहा महिने झाले. ताई दुपारी सलग तास-सव्वा तास बसतात, मान दुखत नाही असं त्या सांगतात आणि मुलगा सांगतो की पलंगावरचं वाचन बंद झालंय. टेबल सगळ्यांत जास्त वापरलं जातं, त्यावर खुणेचे कागद, पेन्सिल, चष्म्याची डबी कायमची. निळी खुर्ची दाराजवळच्या भागात गेली, उन्हापासून लांब, आलेला माणूस दहा मिनिटं बसतो तिथे ती अगदी योग्य आहे.

दोन गोष्टी अजून राहिल्यात. जमिनीपर्यंत येणारा पडदा खुर्चीच्या मागच्या पायात अडकतो आणि ओढला की दांडीपासून ताणला जातो. आणि हिवाळ्यात ताईंना पाय लांब करून बसायचं असतं, त्यासाठी बैठकीहून थोडी खालची फूटस्टूल हवी, पण ती ठेवली की येण्याजाण्याची वाट ३० इंचांवरून २० वर येते, म्हणून ती कपाटाखाली सरकवता येईल अशी शोधतोय.

पुन्हा करायचं झालं तर

पडदा मी खुर्चीच्या आधी बघितला असता. खिडकीच्या कट्ट्यापर्यंतचा पडदा किंवा गुंडाळून वर जाणारा असता तर खुर्ची भिंतीकडे चार इंच सरकली असती, ती चार इंचं फूटस्टूलला मिळाली असती, आणि खिडकीचा झाकलेला कोपराही थोडा सुटला असता. तीन अडचणी एका पडद्याला बांधलेल्या होत्या आणि मी टेप लावताना पडदा बाजूला धरून टेप लावली होती.

टेबलाचा कागद कापताना आता मी दोन गोल कापते, एक फळीचा आणि एक पायांचा, आणि खुर्चीच्या पायांच्या जागीही चार चौकोन चिकटवते. दोन कागद एकमेकांवर आले की टेबल तिथे बसणार नाही हे बघून कळतं.

आणि मुलाशी मी आधी बोलायला हवं होतं. पहिल्या भेटीत मी ताईंची मापं घेतली, त्याला विचारलं नाही की त्याला त्या कोपऱ्यात काय दिसायला हवंय. ते विचारलं असतं तर खिडकीवरची चर्चा खुर्ची ठरल्यावर झाली नसती, आणि कदाचित फिरणाऱ्या खुर्चीचा उंच पाठीचा एखादा प्रकार आम्ही आणखी दोन आठवडे शोधला असता.